पांढऱ्या गाडीवर गडद निळा रॅप: फोटोत रंग बदलताना प्रतिबिंबं कशी टिकवायची

गाडी पांढरी हॅचबॅक. मालकाला गडद निळी फिल्म लावायची आहे, पण ग्लॉस घ्यावी की त्याच निळ्यातली सॅटिन, हे ठरत नाही. रॅपच्या दुकानात नमुना मिळतो तळहाताएवढा, आणि त्यावरून अख्खी गाडी कशी दिसेल ते डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून त्याच गाडीच्या फोटोवर निळा रंग चढवून दाखवायचं ठरलं.

नेहमीची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते: बॉडी सिलेक्ट करायची, वर निळ्या रंगाचा लेयर ठेवायचा आणि मोड मल्टिप्लाय करायचा. तसं केल्यावर गाडी निळी झाली, पण प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसू लागली. बॉनेटवरचं आकाश गेलं, दारावरचा रस्ता गेला. फिल्म कंपनीच्या पत्रकातला निळा तंतोतंत वापरूनही हे झालं. दोष निळ्याच्या छटेत नव्हता. मल्टिप्लायने प्रतिबिंबांनाही निळं करून टाकलं होतं, आणि खरी गाडी असं कधीच करत नाही.

एका पिक्सेलचा हिशेब

गाडीच्या पृष्ठभागावरून डोळ्यापर्यंत दोन तऱ्हेचा प्रकाश येतो. एक भाग पेंटच्या आत शिरतो, रंगद्रव्यात विखुरतो आणि पेंटचा रंग घेऊन बाहेर येतो. दुसरा भाग वरच्या पारदर्शक क्लिअरकोटवरूनच आरशासारखा परततो. त्याला पेंटचा रंग लागतच नाही, तो आकाशाचा, झाडाचा, समोरच्या भिंतीचा रंग घेऊन येतो. पांढऱ्या गाडीवर फिल्म लावली की फक्त पहिला भाग बदलतो. क्लिअरकोट आणि ग्लॉस फिल्म दोन्हींचा अपवर्तनांक साधारण 1.5 असल्याने दुसरा भाग जवळपास आहे तसाच राहतो.

हा दुसरा भाग किती, ते पाहण्याच्या कोनावर ठरतं. पत्र्याकडे अगदी समोरून पाहिलं तर पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के परततो. पत्र्याच्या लंबापासून 60 अंश तिरकं पाहिलं तर 9 टक्के, आणि 75 अंशांवर 25 टक्के. बॉनेट आपण नेहमी असंच तिरकं पाहतो, म्हणून आकाश तिथे सगळ्यात ठळक दिसतं.

आता बॉनेटवरचा एक बिंदू घ्या. आकाश ढगाळ आहे. रेषीय प्रकाशात, म्हणजे गॅमा काढून टाकलेल्या आकड्यांत, या बिंदूची किंमत 0.70 आली. त्यात 0.50 पांढऱ्या पेंटमधून विखुरलेला प्रकाश आहे आणि 0.20 आकाशाचं प्रतिबिंब. निळी फिल्म पांढऱ्या पेंटच्या तुलनेत लाल प्रकाश 0.007 पट, हिरवा 0.027 पट आणि निळा 0.12 पट परत देते. मल्टिप्लाय अख्ख्या 0.70 ला या आकड्यांनी गुणतो. नेहमीच्या 0 ते 255 च्या मोजणीत त्याचा रंग येतो सुमारे 15, 37, 82, म्हणजे गर्द, बंद निळा. बरोबर हिशेबात फक्त 0.50 ला गुणायचं आणि 0.20 जसंच्या तसं मिळवायचं. मग रंग येतो सुमारे 125, 127, 139. तो निळसर झाक असलेला राखाडी आहे.

ढगाळ दिवशी गडद निळ्या गाडीचं बॉनेट खरोखरच राखाडी दिसतं. रस्त्यावर उभं राहून पाहिलं की पटतं, पण स्क्रीनवर रंग चढवताना हात तिथे निळा ओतायला धावतो. पांढऱ्या गाडीत विखुरलेला प्रकाश इतका भरपूर असतो की त्यातलं 0.20 डोळ्याला जाणवतही नाही. पांढऱ्यावरून गडद रंगाकडे जाणं अवघड ते यामुळे: नव्या रंगात जे सगळ्यात ठळक दिसणार, ते जुन्या फोटोत जवळजवळ लपलेलं असतं. ते वेगळं काढता आलं, की पुढचं काम म्हणजे एक गुणाकार आणि एक बेरीज.

फोटो काढताना

प्रतिबिंब वेगळं काढायला पोलरायझिंग फिल्टर लागतो. क्लिअरकोटवरून तिरका परतलेला प्रकाश बराचसा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, पेंटमध्ये विखुरलेला नसतो. फिल्टर फिरवला की प्रतिबिंब कमीजास्त होतं, विखुरलेला प्रकाश तसाच राहतो.

फिल्टरच्या दोन स्थितींत दोन फोटो काढून वजाबाकी केली की झालं, असं वाटेल. गाडीवर ते पुरत नाही. बॉनेट आडवं आहे, दार उभं. बॉनेटवरचं आकाश फिल्टरच्या ज्या स्थितीत सगळ्यात ठळक दिसतं, त्याच स्थितीत दारावरचं प्रतिबिंब सगळ्यात फिकं असतं. फेंडरची तिरपी वळणं या दोन्हींच्या मधली, तिथे वजाबाकी शून्य येते आणि प्रतिबिंब हातातून निसटतं. म्हणून चार फोटो घ्यायचे: 0, 45, 90 आणि 135 अंशांवर. फिल्टरच्या फिरत्या कड्यावर एक खूण आणि स्थिर कड्यावर मास्किंग टेपवर चार खुणा केल्या की काम भागतं.

गाडी तीन-चतुर्थांश कोनात उभी केली, म्हणजे पुढची बाजू आणि दारं दोन्ही कॅमेऱ्याकडे साधारण 45 ते 50 अंश तिरकी. हा कोन नुसता देखणा म्हणून निवडलेला नाही. याच पट्ट्यात फिल्टर दोन्ही बाजूंवर एकाच वेळी चांगलं काम करतो. अगदी बाजूने फोटो काढला तर दारं समोरासमोर येतात आणि तिथलं प्रतिबिंब ध्रुवितच नसतं. कॅमेरा गाडीपासून 6 मीटरवर, 1.6 मीटर उंचीवर ट्रायपॉडवर लावला. बॉनेटचा उतार धरून ते कॅमेऱ्यातून सुमारे 75 अंश तिरकं दिसत होतं.

दिवस पावसाळी ढगांचा हवा, किंवा गाडी इमारतीच्या मोकळ्या सावलीत आणि वर पांढरट आकाश. निरभ्र निळं आकाश स्वतःच ध्रुवित असतं, सूर्यापासून 90 अंशांवर तर फारच. मग बॉनेटच्या एका भागात वजाबाकी फुगते, दुसऱ्या भागात बुडते, आणि चूक गाडीत शोधत बसावं लागतं.

एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हाताने ठरवून कायम ठेवायचं. फाइल रॉ. पांढरा पत्रा कुठेच जळता कामा नये. जिथे किंमत 1 वर जाऊन अडकली, तिथे प्रतिबिंब किती होतं ते कायमचं गेलं. म्हणून मीटर सांगेल त्याहून एक ते दीड स्टॉप कमी.

या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट मात्र कॅमेऱ्यात नाही, पत्र्यावर आहे. ज्या फिल्मचा विचार आहे तिचे 10 सेंटिमीटर चौरस तुकडे बॉनेटवर, पुढच्या दारावर आणि बंपरवर, सपाट जागा बघून, बुडबुडा न ठेवता चिकटवायचे आणि फोटो झाल्यावर लगेच काढायचे. तुकड्याचा एक कोपरा जरी उचललेला असला तरी तो वेगळंच आकाश दाखवतो आणि मोजणी बिघडते. शिवाय एक जादा फोटो: दारावरच्या तुकड्यात आणि शेजारच्या पांढऱ्या पत्र्यात काळ्या मखमलीचं प्रतिबिंब पडेल असं कापड धरून. त्या फोटोत प्रतिबिंब जवळपास शून्य असतं. तुकड्याच्या किमतीला पांढऱ्याच्या किमतीने भागलं की फिल्मचे खरे गुणक मिळतात. वरचे 0.007, 0.027, 0.12 असेच येतात. पत्रकातला छापील रंग घेण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण प्रकाश तोच, कॅमेरा तोच, शेजारचा पांढराही तोच.

वेगळं करणं आणि पुन्हा जोडणं

रॉ फाइल उघडताना सॉफ्टवेअरने स्वतःहून उजळपणा लावता कामा नये. तो प्रत्येक फोटोला वेगळा लागतो आणि वजाबाकीला काही अर्थ राहत नाही. खालच्या तुकड्यात `no_auto_bright=True` आणि `adjust_maximum_thr=0` आहेत ते त्यासाठीच.

```python
import numpy as np, rawpy

def load(path):
    with rawpy.imread(path) as r:
        a = r.postprocess(gamma=(1, 1), no_auto_bright=True,
                          adjust_maximum_thr=0,
                          output_bps=16, use_camera_wb=True)
    return a.astype(np.float32) / 65535

# i0, i45, i90, i135 = load(...)
total = (i0 + i45 + i90 + i135) / 2
pol   = np.sqrt((i0 - i90)**2 + (i45 - i135)**2)
spec  = np.minimum(k[..., None] * pol, total)
body  = (total - spec) * ratio + spec
m     = mask[..., None]
out   = m * body + (1 - m) * total
```

`total` म्हणजे एकूण प्रकाश, `pol` म्हणजे त्यातला ध्रुवित भाग, `spec` म्हणजे प्रतिबिंब, `ratio` म्हणजे फिल्मचे तीन गुणक, `mask` म्हणजे फक्त रंगवायच्या पत्र्याचा मऊ कडांचा मास्क, आणि `k` हा हाताने रंगवलेला करडा नकाशा. `out` अजून रेषीय आहे, स्क्रीनवर दाखवण्याआधी त्याला एसआरजीबीचा गॅमा लावायचा. कोड नको असेल तर हाच हिशेब गिम्प 2.10 मध्ये लेयरवर होतो, फक्त प्रतिमा 32 बिट फ्लोटिंग पॉइंट आणि रेषीय ठेवायची, आणि मल्टिप्लाय व अ‍ॅडिशन दोन्ही लेयरचा ब्लेंड स्पेस `RGB (linear)` करायचा. गॅमा लावलेल्या प्रतिमेवर बेरीज केली तर प्रतिबिंबं खडूसारखी पांढरी होतात.

पुढे जाण्याआधी एक पडताळणी. 0 आणि 90 अंशांच्या फोटोंची बेरीज आणि 45 आणि 135 च्या फोटोंची बेरीज सगळीकडे सारखी यायला हवी. मागच्या भिंतीवर ती वेगळी आली, तर मधल्या काळात ढग सरकला आणि उजेड बदलला. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर फोटो गुणून सारखे करता येतात, त्याहून जास्त असेल तर चारही पुन्हा काढायचे.

`k` का लागतो? फिल्टरला प्रतिबिंबाचा फक्त ध्रुवित वाटा दिसतो, आणि तो कोनावर अवलंबून असतो. 60 अंशांच्या आसपास प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतं, तिथे `k` 1 ठेवला तरी चालतो. 45 अंशांवर 1.2 लागतो, 75 वर 1.7, 30 वर 2.5. आणि अगदी समोरच्या पत्र्यावर फिल्टरला काहीच दिसत नाही.

या नकाशाचे आकडे पुस्तकातून न उचलता पत्र्यावरच्या तुकड्यांवरून ठरवता येतात. निळी फिल्म लाल प्रकाश जवळजवळ परतच देत नाही. म्हणजे तुकड्यावर लाल चॅनलमध्ये जे काही दिसतं ते जवळपास निव्वळ प्रतिबिंब. बॉनेटवरच्या तुकड्याची लाल किंमत 0.203 होती. शेजारच्या पांढऱ्यात विखुरलेला प्रकाश 0.50, त्याचा 0.007 पट म्हणजे 0.0035 वजा केला की प्रतिबिंब उरतं 0.20. त्याच जागी `pol` होता सुमारे 0.117. 0.20 भागिले 0.117 म्हणजे 1.7. 75 अंशांना अपेक्षित तोच आकडा आला, त्यामुळे मोजणीवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. दारावर याच रीतीने साधारण 1.2 आला.

मग `k` चा नकाशा रंगवला: बॉनेटवर काचेकडून नाकाकडे 1.8 पासून 1.5 पर्यंत उतरता, दारांवर सपाट 1.2, फेंडरच्या वळणावर मधले आकडे. बंपरचा कॅमेऱ्याकडे वळलेला कोपरा तेवढा वेगळा हाताळावा लागतो. तिथे `k` कितीही वाढवला तरी फक्त फोटोतला कण, म्हणजे नॉइज, फुगतो. त्या पट्ट्यात कॅमेऱ्यामागची इमारत 4 टक्के परतते, म्हणून `spec` मध्ये मऊ ब्रशने 0.02 च्या आसपासची सपाट किंमत भरली, कडेला शेजारच्या प्रतिबिंबात विरघळेल अशी.

कणांचाही एक त्रास इथेच कळतो. `pol` मध्ये वर्गमूळ आहे, त्यामुळे फोटोतला कण कधी ऋण होत नाही, नुसता साठत जातो. चाकाच्या कमानीखालच्या अंधारात प्रतिबिंब शून्य असायला हवं, तिथे राखाडी धूळ दिसते. पांढऱ्या गाडीवर ती कधी दिसली नसती, गडद निळ्यावर लगेच दिसते. उपाय म्हणजे `i0 - i90` आणि `i45 - i135` या दोन वजाबाक्या वर्ग करण्याआधी हलक्या मीडियन फिल्टरमधून काढायच्या. वर्गमूळानंतर गुळगुळीत केलं तर धूळ जात नाही, नुसती पसरते.

मास्कमधल्या जागा

काच, दिवे, टायर, नंबरप्लेट, काळं प्लास्टिक हे सगळं मास्कबाहेर. काचा पोलरायझरमधून तपासून पाहायच्याच नाहीत. टफन केलेल्या काचेवर त्यातून ठिपक्यांची नक्षी दिसते. चारही फोटोंच्या बेरजेत ती बरीचशी विरते, तरी शंका असेल तर काचा फिल्टर न लावलेल्या फोटोतून घ्याव्यात.

खरी मेख आहे गाडीने स्वतःचीच प्रतिबिंबं घेतलेल्या जागांत. बाजूच्या आरशाचं पांढरं कवच पुढच्या दाराच्या काचेत दिसतं. काच मास्कबाहेर असल्याने ते पांढरंच राहतं आणि निळ्या गाडीच्या काचेत एक पांढरा आरसा तरंगू लागतो. तसंच दाराच्या पत्र्यावर त्याच कवचाचं प्रतिबिंब `spec` मध्ये पांढरं बसलेलं असतं. हेडलॅम्पच्या आत बॉनेटची कड दिसते, क्रोमच्या पट्टीत फेंडर दिसतो. यातल्या प्रत्येक जागेचा छोटा मास्क करून तिथलं प्रतिबिंब फिल्मच्या गुणकांनी गुणायचं. संख्या पाच-सहाच असते, पण बघणाऱ्याला काहीतरी खटकतंय आणि काय ते सांगता येत नाही, अशा वेळी बहुतेकदा यातलीच एखादी राहिलेली असते.

जमिनीवरही परिणाम आहे. पांढरी गाडी सिलजवळच्या रस्त्यावर उजेड टाकते, गडद निळी टाकणार नाही. दारांच्या खालची रस्त्याची पट्टी मऊ कडेने पंधरा-वीस टक्के गडद केली की गाडी जमिनीवर बसते.

दार उघडं ठेवून दाखवायचं असेल तर दाराच्या आतल्या कडा पांढऱ्याच ठेवायच्या. नेहमीच्या दरात रॅपवाले त्या कडा झाकत नाहीत, आणि फोटोत निळ्या दाखवल्या तर मालकाची फसगत होते.

बरोबर आलं का, हे कसं ओळखायचं

चिकटवलेले तुकडे इथे दुसऱ्यांदा कामाला येतात. आधी नुसतं `spec` उघडून पाहायचं. पांढऱ्या पत्र्यावर आणि तुकड्यावर प्रतिबिंब सारखंच असल्याने तुकडा तिथे दिसताच कामा नये, फार तर कडेची बारीक रेघ. आख्खा चौकोन उजळ किंवा गडद उमटला तर वेगळं काढण्यात चूक आहे. मग `out` पाहायचं, तुकडे मास्कबाहेर ठेवून. आता खरी फिल्म आणि रंगवलेला पत्रा एकमेकांना लागून आहेत, एकाच प्रकाशात. बॉनेटवर चौकोन दिसेनासा झाला. दारावर तो शेजारच्या पत्र्याहून किंचित गडद दिसत होता, तिथे `k` 1.2 वरून 1.1 केल्यावर मिसळला. दाराचा खरा कोन अंदाजापेक्षा जरा जास्त तिरका होता, एवढाच याचा अर्थ. तुकडे पूर्ण मिसळले, की मास्क त्यांच्यावरूनही ओढायचा. तुकड्यांच्या जागी पांढरा पत्रा नसल्याने तिथे शेजारचा भाग क्लोन करून भरायचा.

सॅटिन

सॅटिनमध्ये प्रतिबिंब कमी होतं असा समज आहे. प्रकाश साधारण तेवढाच परततो, पण पसरून परततो. म्हणून `spec` ची अपारदर्शकता कमी करायची नाही, त्याला ब्लर करायचं. 6000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत 30 पिक्सेलच्या आसपासच्या गॉशियन ब्लरने सॅटिनचा भास चांगला येतो. सरसकट ब्लर केलं तर काचेचा आणि गॅपचा अंधार पत्र्यावर चढतो आणि प्रत्येक पॅनेलभोवती काळी चौकट येते. त्यासाठी एकेक पॅनेल घेऊन `spec` गुणिले मास्क ब्लर करायचं आणि त्याला ब्लर केलेल्या मास्कने भागायचं. आरशाच्या बुडाशी किंवा हँडलच्या मुळाशी, जिथे वस्तू पत्र्याला टेकलेली आहे, तिथे ब्लर कमी ठेवायचं. सॅटिनवरही टेकलेल्या वस्तूचं प्रतिबिंब मुळाशी बऱ्यापैकी स्पष्ट असतं आणि लांब जाताना विरघळतं.

याचा एक परिणाम मालकाला आधी दाखवावा. ग्लॉसमध्ये दारावर आकाश आणि रस्ता यांची सीमा धारदार असते, खालचा अर्धा भाग गर्द निळा उरतो. सॅटिनमध्ये तोच आकाशाचा उजेड खाली पसरतो, आणि तोच निळा दारभर एक छटा फिका दिसतो. फिल्मचा नंबर तोच असून रंग वेगळा का, हा प्रश्न गाडी तयार झाल्यावर येण्यापेक्षा फोटोसमोर आलेला बरा.

हाती फक्त फोनवरचा एकच फोटो असेल तर यातलं बरंच जमत नाही. तेव्हा प्रत्येक पॅनेल मोठ्या ब्लरने गुळगुळीत करून त्याला विखुरलेला प्रकाश मानायचं, मूळ फोटोतून वजा करून उरलेल्या धारदार कडा प्रतिबिंब म्हणून ठेवायच्या, आणि बॉनेटवर आकाशाचा उजेड वरच्या टक्केवारीने हाताने चढवायचा. ढगांसारखी मऊ प्रतिबिंबं यात रंगातच जमा होतात. शेड निवडायला असा फोटो चालतो, ग्लॉस की सॅटिन ठरवायला चालत नाही. मेटॅलिक आणि रंग पालटणाऱ्या फिल्मना तर चार फोटोंची पद्धतही पुरत नाही, कारण त्यांचा विखुरलेला रंगच कोनागणिक बदलतो आणि एकच गुणक सगळ्या पत्र्याला लागू पडत नाही.

मालकाला ग्लॉस आणि सॅटिन दोन्ही फोटो एकाच एक्सपोजरवर, मूळ पांढऱ्या फोटोसोबत दिले. सोबत एवढंच सांगितलं, की हे ढगाळ दिवसाचं रूप आहे, उन्हात ग्लॉसचं दार याहून गर्द दिसेल. आणि आरसीवर पांढरा रंग नोंदलेला आहे, तेव्हा फिल्म लावण्याआधी रंगबदलाबद्दल आरटीओत विचारून घ्यावं.